पहिल्या सहीच्या आधी कागद दाखवा

आपल्याकडे साखरपुडा झाला की बोलणी कशाची होतात तर हॉल कुठला, जेवण कोणाचं, सोनं किती आणि तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त मिळतो का. मोठी माणसं हे सगळं अगदी रुपया-पैशापर्यंत बोलतात, पण मुलाच्या डोक्यावर कर्ज किती, मुलगी दर महिन्याला आई-वडिलांना किती देते, कोण कोणाला जामीन राहिलाय, हे विचारायची कोणाची टाप नसते, कारण ते विचारणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं असं आपण धरून चाललोय. माझं म्हणणं असं की निदान गोव्यात तरी हे विचारलंच पाहिजे, आणि तेही तोंडी नाही, कागद समोर ठेवून, आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही करायच्या आधी.

गोव्यातच का ते सांगतो. इथे लग्नाला १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड लागतो, हिंदू असो, ख्रिश्चन असो, मुसलमान असो. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या स्थानिक कायद्यात आलाय पण गाभा तोच आहे. त्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप एकत्र धरली जाते आणि दोघं निम्म्या-निम्म्याचे मालक होतात. लग्नानंतर कमावलेलं तर येतंच, लग्नाआधीचं आणि पुढे वारशाने मिळणारंही त्यात येतं, काही ठराविक अपवाद सोडले तर. म्हणजे तिने नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारावर घेतलेला फोंड्याचा फ्लॅट लग्नानंतर निम्मा त्याचा, आणि त्याला उद्या वडिलांकडून मिळणाऱ्या भाटातला निम्मा वाटा तिचा. महाराष्ट्रातल्या नातेवाईकांना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. मालमत्ता गोव्याबाहेर असली तर सुटते असंही काही जण समजतात, पण सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये एका गोवेकराच्या मुंबईतल्या घराच्या वादात वारसाहक्कापुरतं सांगितलं की भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला हाच कायदा लागेल.

वेगळा करार करता येतो. मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवायची, किंवा फक्त लग्नानंतर कमावलेली एकत्र धरायची, असे पर्याय कायद्यातच आहेत. पण तो करार सब-रजिस्ट्रारपुढे, जो तिथे नोटरी म्हणूनही काम बघतो, रीतसर दस्त करून आणि लग्नाच्या आधीच करावा लागतो. नंतर बदलता येत नाही. आता यातली गंमत बघा, आपल्याकडे बरेच जण मुहूर्ताच्या कितीतरी आधी सह्या करून मोकळे होतात, कुणाला होम लोनसाठी सर्टिफिकेट हवं असतं, कुणाला व्हिसासाठी. पहिली सही म्हणजे लग्न करायचा इरादा जाहीर करणं, मग हरकतींसाठी मुदत, आणि मग दुसरी सही. कायद्याच्या हिशेबात लग्न लागतं ते दुसऱ्या सहीला, मंगलाष्टकांना नाही. म्हणजे घरचे अजून पत्रिका कुठे छापायच्या यावर भांडत असतात आणि इकडे दोघं एकमेकांच्या सगळ्याचे निम्मे मालक होऊन बसलेले असतात, करार करायची वेळही गेलेली असते. म्हणून मी पहिल्या सहीच्या आधी म्हणतो. दोन सह्यांच्या मध्ये वेळ मिळतो हे खरं, पण नाव एकदा नोटीस बोर्डावर लागलं की शांतपणे बसून आकडे बघायची मनःस्थिती कोणाची राहत नाही.

आता एक उदाहरण घेऊया. हे कुणा एकाचं नाही, दोन-चार घरांतून जे दिसतं ते जोडून केलंय, आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून धरलेत.

मुलगा वेर्ण्याला फार्मा कंपनीत, हातात ४२,००० येतात. एक पर्सनल लोन चालू आहे, महिना ९,००० हप्ता, अजून अडीच वर्षं. घरी आईकडे १२,००० देतो, त्यात किराणा, वीजबिल आणि बाबांची शुगर-बीपीची औषधं. धाकटी बहीण आहे, तिचं लग्न दोनेक वर्षांत करायचं असं घरात ठरलंय आणि त्यातले ४ लाख याने घालायचे असंही धरून चाललेत, पण हे कोणी कधी स्पष्ट बोललेलं नाही. शिवाय काकांनी गावातल्या पतसंस्थेतून ६ लाख घेतले तेव्हा हा जामीन राहिला, पाच वर्षांची मुदत, १२ टक्के, हप्ता १३,३०० च्या आसपास. काका हप्ते भरतायत, त्यामुळे याच्या डोक्यात ते कर्ज म्हणून नाहीच. मुलगी फोंड्याला एका खासगी ऑफिसात, हातात ३६,०००. तिने २४ लाखांचं होम लोन काढून फ्लॅट घेतलाय, २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता २०,८००. बाबा रिटायर झाले पण पेन्शन नाही, म्हणून ती घरी ५,००० देते.

मुलाचे ४२ मधून ९ आणि १२ गेले, राहिले २१,०००. मुलीचे ३६ मधून २०,८०० आणि ५,००० गेले, राहिले १०,२००. दोघांचे मिळून ३१,२००. बहिणीच्या लग्नाचे ४ लाख २४ महिन्यांत जमवायचे तर महिन्याला साधारण १६,७०० बाजूला पडले पाहिजेत. उरले १४,५००. म्हणजे ७८,००० कमावणारं जोडपं जेवणखाण, दोन स्कूटरचं पेट्रोल, फ्लॅटचा मेंटेनन्स, मोबाईल आणि दवाखाना साडेचौदा हजारांत भागवणार. अवघड आहे पण होईल, काटकसर करतील, बहिणीच्या लग्नाला एक वर्ष जास्त घेतील. आता समजा काकांचा धंदा बसला आणि पतसंस्थेने जामीनदाराकडे मोर्चा वळवला. १३,३०० अजून गेले. उरले १,२००.

यात कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी उधळ्या नाही, कोणाला व्यसन नाही. प्रत्येक गोष्ट चांगल्या घरात असते तशीच आहे, उलट काकाला जामीन राहिला म्हणून गावात त्याचं कौतुकच झालं असेल. फक्त हे सगळे आकडे एका कागदावर एकाखाली एक कोणी लिहिलेले नाहीत. लग्नाआधी लिहिले असते तर ती म्हणाली असती की बहिणीचं लग्न आपण मिळून करू पण ४ नाही, अडीच देऊ, आणि काकांना सांग दुसरा जामीनदार बघा. तो म्हणाला असता की फ्लॅटचा हप्ता जड आहे, दोन वर्षं आपण माझ्या घरी राहू आणि फ्लॅट भाड्याने देऊ. लग्नानंतर हेच बोलणं 'तुझी माणसं' आणि 'माझी माणसं' वर जातं.

जामीनकीबद्दल थोडं जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त लपून राहते ती हीच, आणि लपवायचा हेतू नसतानाही लपते. कर्ज किती आहे विचारलं की माणूस स्वतःच्या कर्जाचा आकडा सांगतो. जामीन राहिलेलं त्याच्या मनात कर्ज नसतंच, ते उपकार या खात्यात असतं. पण भारतीय करार कायदा, १८७२ चा, त्याच्या कलम १२८ मध्ये साफ लिहिलंय की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेने आधी काकांची गाडी विकावी, मग घर, आणि उरलं तर जामीनदाराकडे यावं, असा क्रम कायद्याने घालून दिलेला नाही. सरकारी नाहीतर मोठ्या कंपनीतल्या पगारदाराला जामीन म्हणून एवढी मागणी असते ती त्याच्या स्वभावासाठी नव्हे, पगारातून कापून घेता येतं म्हणून. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात २०१२ ला आणि मग २०१८ ला खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकांची कर्जं कशी अडकली हे ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं काय सांगणार. ट्रक एकाचा, सही दुसऱ्याची, आणि नोटीस दोघांनाही.

हे कसं शोधायचं? क्रेडिट रिपोर्ट काढायचा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. लोक फक्त स्कोअर बघतात, ७८० आहे, मस्त, झालं. स्कोअर म्हणजे आतापर्यंत हप्ते वेळेवर गेले की नाही याचा अंदाज, पगारातलं किती आधीच वाटलं गेलंय हे तो सांगत नाही. ७८० वाल्याचाही अर्धा पगार हप्त्यात जात असू शकतो. तर स्कोअर सोडा आणि खाली प्रत्येक खात्याची माहिती बघा. तिथे खातं कोणाच्या नावावर आहे त्याचा एक रकाना असतो, एकट्याचं, जॉइंट की गॅरंटर. गॅरंटर दिसलं तर तीच जामीनकी. त्याच्या खाली बाकी रक्कम, थकलेली रक्कम आणि महिन्या-महिन्याचे चौकोन असतात ज्यात किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं असतं, तीन शून्यं म्हणजे थकबाकी नाही, ०३० किंवा ०६० असं दिसलं तर त्या महिन्यात हप्ता तेवढे दिवस मागे होता. काकांच्या खात्यात असे आकडे दिसायला लागले असतील तर 'काका भरतायत' हे वाक्य परत एकदा तपासायची वेळ आली.

पण रिपोर्टात सगळं येत नाही हेही लक्षात ठेवा. गावातल्या सगळ्या पतसंस्थांची कर्जं तिथे दिसतातच असं नाही. भिशी दिसत नाही, आणि भिशी आधी उचललेली असेल तर पुढचे सगळे हप्ते म्हणजे कर्जच. मामाकडून हातउसने घेतलेले दिसत नाहीत, ऑफिसमधून घेतलेला ॲडव्हान्स दिसत नाही, तो सॅलरी स्लिपच्या कपातीत दिसतो. म्हणून रिपोर्टाच्या जोडीला शेवटच्या तीन महिन्यांची सॅलरी स्लिप आणि ज्या खात्यात पगार येतो त्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या ५ तारखेला तीच रक्कम कुठेतरी जातेय असं दिसलं की विचारायचं हे काय आहे, बस्स, उलटतपासणी करायची नाही.

सोन्याचंही तसंच. सासूबाई म्हणतात सुनेला माझे पाटल्या-गोठ घालणार, आणि त्याच पाटल्या बँकेत गोल्ड लोनला असतात, दर वर्षी व्याज भरून पावती नवी करत. मुलाला बहुतेक वेळा हे माहीत असतं आणि तो गप्प बसतो, कारण आईची अब्रू. त्याच्या गप्प बसण्याचा मला राग येत नाही, पण मग लग्नाच्या महिनाभर आधी ते सोडवायला तो पर्सनल लोन काढतो आणि ते लोन फेडतं नवीन जोडपं, म्हणजे स्वतःच्या अंगावरच्या दागिन्यांचे हप्ते सूनच भरते.

इथे कायद्याचा एक बारीक मुद्दा. लग्नाआधीचं एकट्याचं कर्ज साधारणपणे दुसऱ्याच्या माथी बसत नाही, आपल्या कोडमध्येही ती कर्जं एकत्रात धरत नाहीत. पण दुसऱ्याने स्वतः जबाबदारी घेतली असेल किंवा ते पैसे दोघांच्या फायद्यासाठी वापरले असतील तर गोष्ट वेगळी होते. आता लग्नाचा हॉल, जेवण, फर्निचर, हनिमून यासाठी काढलेलं कर्ज दोघांच्या फायद्याचं की एकट्याचं? वाद घालायला भरपूर जागा आहे. म्हणून लग्नासाठी कर्ज काढायचंच असेल तर ते कोणाचं आणि कोण फेडणार हे दोघांनी आधी लिहून ठेवावं. आणि कायद्याने बसो न बसो, हप्ता जातो तो घरात येणाऱ्या पैशातूनच, त्यामुळे 'ते माझं कर्ज आहे, तुला काय त्याचं' हे वाक्य घरखर्चाच्या हिशेबात टिकत नाही.

कर्जाबद्दल तरी लोक थोडं फार बोलतात, बचतीबद्दल अजिबात नाही, कारण बचत लपवणं कोणाला लबाडी वाटत नाही. आणि गोव्यात खरी भानगड होते ती बचतीतच. कितीतरी घरांत वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे मुलीच्या किंवा मुलाच्या नावावर एफडीत ठेवलेले असतात, कधी टॅक्स वाचवायला, कधी बाबांना मोबाईल बँकिंग जमत नाही म्हणून. धरा मुलीच्या नावावर ८ लाखांची एफडी आहे, पैसे बाबांचे, व्याजावर त्यांचा औषधपाणी चालतो. घरात सगळ्यांना माहीत आहे हे पैसे बाबांचे, पण बँकेच्या कागदावर ते तिचे. लग्न झालं की कागदाप्रमाणे ते दोघांचे. नवरा सज्जन असेल तर काहीच होणार नाही. पण उद्या दोघांचं पटलं नाही आणि वाटणीची वेळ आली, किंवा तिचं काही बरंवाईट झालं, तर बाबांना आपलेच पैसे आपले आहेत हे सिद्ध करत बसावं लागेल. उपाय सोपा आहे, सह्या करायच्या आधी ती एफडी मोडून किंवा मुदत संपली की बाबांच्या नावावर करायची आणि तिने नॉमिनी राहायचं. थोडं व्याज बुडेल, बुडू दे. पण हे आधी नवऱ्याला सांगून करा. लग्नाच्या तोंडावर ८ लाख गपचूप हलवलेले त्याला मागाहून कळले तर पैसे बाबांचे होते हे तो कशाला मानेल?

आणि लपवून ठेवायचं म्हटलं तरी इथे ते फार दिवस जमत नाही. पोर्तुगीज कोड लागू असलेल्या नवरा-बायकोचं पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे भाडं, एफडीचं व्याज, धंद्याचा नफा, निम्मं-निम्मं करून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात ते कलम ५ए मध्ये आलं आणि रिटर्नच्या फॉर्ममध्येही त्यासाठी शेड्यूल ५ए म्हणून वेगळा तक्ता होता ज्यात जोडीदाराचा पॅन आणि उत्पन्नाचे आकडे भरायचे. म्हणजे जी एफडी साखरपुड्यात सांगितली नाही ती पहिल्याच जुलैत सीएच्या टेबलावर उघडी पडते. तिथे कळण्यापेक्षा आधी चहाच्या टेबलावर कळलेलं काय वाईट?

आता 'आमचं स्वतःचं घर आहे' या वाक्याकडे येतो. स्थळ सांगताना हे वाक्य सगळ्यात जोरात सांगतात आणि सगळ्यात कमी तपासतात. गोव्यात घर आणि घराचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक-चौदाचा उतारा काढून बघा, पुष्कळदा त्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. धरा आजोबा-आजी दोघंही गेले आणि त्यांना चार मुलं, बाबा, दोन काका आणि एक आत्या. आपल्या कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस, आणि निम्मी इस्टेट मृत्युपत्र करूनही मुलांकडून काढून घेता येत नाही. मृत्युपत्र नसेल तर बाबांचा वाटा चौथा. तो चौथा वाटाही बाबांचा एकट्याचा नाही, निम्मा आईचा. बाबांच्या मागे त्यांच्या निम्म्याचे, म्हणजे आठव्या हिश्श्याचे, मुलगा आणि बहीण असे दोन वारस, म्हणजे मुलाच्या हाताला सोळावा हिस्सा. आईच्या मागे अजून तेवढाच. आणि आज, बाबा हयात असताना, त्याचं त्या घरात कायद्याने काहीही नाही. काकांशी पटत असेल तर तो तिथे आयुष्यभर राहील, कोणी उठवणार नाही. पण त्या घरावर वरचा मजला चढवायला १५ लाखांचं कर्ज काढायचं तर सह्या लागतील बाबांच्या, आईच्या, काकांच्या, काकूंच्या, आत्याच्या आणि आत्याच्या नवऱ्याच्याही, कारण आत्याच्या वाट्यात तो निम्म्याचा मालक. त्यातला एक पोर्तुगालला असला आणि एक बोलत नसला की झालं, कोर्टात इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारसांमधली वाटणी, केल्याशिवाय पान हलत नाही आणि ती किती वर्षं चालेल ते देवाला ठाऊक.

दुसरा प्रकार मुंडकारी घरांचा. घर तीन पिढ्यांचं पण जमीन भाटकाराची, १९७५ च्या मुंडकार कायद्याने तिथून काढता येत नाही, जमीन विकत घ्यायचा हक्कही आहे, पण तो अर्ज केलाय का, मामलेदाराकडे कुठपर्यंत आलाय, पैसे भरायचे राहिलेत का? कोमुनिदादच्या जागेवरचं घर असेल तर ते अजून वेगळं. मुलीने हे विचारलं की 'आमच्या घरावर डोळा' असं म्हणणारे असतात. माझ्या मते उलट आहे. ती विचारते कारण पुढची २० वर्षं तिचा पगार त्या घरात जाणार आहे, कधी टाइल्सच्या रूपाने, कधी छपराच्या, आणि जिथे आपला सोळावाही हिस्सा अजून आलेला नाही तिथे पैसे घालायचे की नाहीत हे ठरवायचा तिला हक्क आहे. घातलेच तर निदान माहीत असून घातलेले बरे.

आता हरकती. पहिली हरकत ठरलेली, एवढं सगळं विचारायचं तर मग विश्वास कुठे राहिला. मला हे कधी पटलं नाही. इथला कायदाच दोघांना निम्म्याचे भागीदार करतो, तुम्ही विचारा न विचारा. दुकानात भागीदारी करताना वही बघितली तर कोणी अपमान झाला म्हणत नाही. आणि हो, करार प्रत्येकाने केलाच पाहिजे असं माझं म्हणणं अजिबात नाही. बहुतेक नोकरदार जोडप्यांना एकत्र मालमत्ताच ठीक पडते, विशेषतः बायकांना तिने चांगलं संरक्षण दिलंय, नवरा बायकोच्या सहीशिवाय घर-जमीन विकू शकत नाही ही गोष्ट लहान नाही. पण एकाचा धंदा असेल, डोक्यावर मोठी जामीनकी असेल, किंवा एकाचं दुसरं लग्न असून आधीची मुलं असतील, तर वकिलाकडे बसून विचार करायला हवा, आणि तो विचार करायला आधी माहिती हवी. न सांगता एकत्र झालेल्याला मी एकत्र होणं म्हणणार नाही, ते फक्त फॉर्म न भरल्यामुळे झालेलं असतं.

दुसरी हरकत मला जास्त वजनदार वाटते. घरातल्या सगळ्याच गोष्टी आपल्या सांगायच्या नसतात. भावाला दारू सोडवायला सेंटरमध्ये ठेवलंय आणि त्याचे पैसे हा भरतो, किंवा बहिणीच्या घटस्फोटाच्या केसचा खर्च ती उचलते, तर ती कहाणी भावाची किंवा बहिणीची, ती सांगायचा हक्क आपला आहे का? मी इथे एक रेघ मारतो. आकडा आणि मुदत सांगायचीच, कहाणी सांगायलाच पाहिजे असं नाही. 'घरच्या एका माणसासाठी महिना ६,००० जातात, अजून वर्षभर जातील, कशासाठी ते त्याला विचारून मग सांगेन.' एवढं वाक्य पुरतं. समोरच्याला आपला पगार आणि आपला महिना आखायला जे लागतं ते मिळालं, आणि घरच्याची अब्रूही राहिली. जो जोडीदार यावर अडून बसतो आणि कहाणीच मागतो त्याला काय हवंय ते वेगळं तपासावं लागेल. तसंच पासवर्ड, पिन, पाच वर्षांपूर्वी बाईकवर किती उडवले याचा हिशेब, हे काही मागायचं नाही. रिपोर्ट आणि स्टेटमेंट पण फॉरवर्ड करू नका, त्यावर पॅन, पत्ता, खाते नंबर सगळं असतं आणि व्हॉट्सॲपवर गेलेला कागद संध्याकाळपर्यंत मावशीच्या फोनवर असतो. एकत्र बसा, एकमेकांच्या फोनवर बघा, आकडे एका वहीत उतरवा, झालं. पणजीला एखाद्या कॅफेत बसून दोन तासांत होतं, घरी करू नका, घरी कोणीतरी मध्येच चहा घेऊन येतं आणि तिथेच उभं राहतं.

मोठ्यांना यात किती घ्यायचं यावर माझं मत जरा कडक आहे. कागद आधी दोघांनीच बघायचे. मग जिथे घरच्यांचा शब्द लागतो तिथे त्यांना विचारायचं, आणि थेट विचारायचं. आईला विचारायचं की 'आई, ताईच्या लग्नात माझ्याकडून किती धरलेत, आकडा सांग'. पहिल्यांदा ती म्हणेल 'असं काय विचारतोस, तुला जमेल तेवढं दे'. यावर थांबायचं नाही, कारण 'जमेल तेवढं' चा तिच्या मनात एक आकडा असतोच आणि तो साधारण तुमच्या मनातल्या आकड्याच्या दुप्पट असतो. होणाऱ्या सुनेसमोर मात्र हे विचारू नये, आईला ते लागतं आणि नंतर त्याचं खापर सुनेवर फुटतं. मुलीकडेही हेच लागू, आणि तिथे तर जास्त, कारण लग्न झालेली मुलगी आई-वडिलांना पैसे देते हे अजून कितीतरी घरांत चोरून चालतं. मुलाने आईला १२,००० दिले तर ते कर्तव्य, मुलीने ५,००० दिले तर माहेरी पैसे पोचवते. ज्यांच्या कायद्यात मुलगी वडिलांच्या घराची सारखी वारस आहे त्यांनी तरी असं बोलू नये. तिचे ५,००० वहीत त्याच्या १२,००० च्या शेजारी लिहायचे, त्याच पेनाने.

एक बारीक काम राहिलं, ते सह्या झाल्यावर करायचं पण ठरवायचं आधी. पीएफला लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की रद्द धरतात, नवीन भरावं लागतं. एलआयसी, बँक, म्युच्युअल फंड यांना तसं सरसकट लागू नाही, तिथे तुम्ही बदलेपर्यंत जुनंच नाव चालतं. आईचं नाव काढून बायकोचं घातलं यावरून घरात रुसवेफुगवे झालेले कितीतरी. कुठे आई ठेवायची, कुठे बायको, हे वहीतच लिहा, म्हणजे पॉलिसीचा कागद कपाटात कोणाच्या हाती लागला तर धक्का बसायला नको.

आणि वही झाल्यावर लग्न मोडलं तर? कधी कधी मोडतं. आकडा मोठा म्हणून क्वचितच, बहुतेक वेळा आकडा विचारल्यावर समोरचा भडकतो म्हणून, किंवा तीनदा विचारूनही 'बघू, सांगतो' यापुढे जात नाही म्हणून. साखरपुड्याचे पैसे गेले, चार दिवस गावात चर्चा झाली. दुसऱ्या सहीनंतर हेच कळलं असतं तर कोर्टात कितीला पडलं असतं हे कुठल्याही वकिलाला विचारा, तो फी न घेता सांगेल.